‘कोणतीही माहिती’ म्हणजे कोणती?

उमरेडच्या विणकर घरातली एक बाई माझ्या धरमपेठेतल्या वकिलीच्या ऑफिसात करार घेऊन आली. एका कंपनीला तिच्याकडून साड्यांचे नमुने विणून हवे होते, पण आधी गोपनीयतेच्या करारावर सही पाहिजे होती. गुप्त माहितीची व्याख्या होती, ‘कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित कोणतीही माहिती, कोणत्याही स्वरूपात.’ इतकं आळशी वाक्य मी क्वचितच वाचलं होतं.

कंपनीचा कायदा अधिकारी आला तो कडक इस्त्रीत. करार त्याने स्वतःही वाचलेला नसावा.

“मॅडम, हे स्टँडर्ड कलम आहे. सगळेच सही करतात.”

बाईनं त्याला विचारलं, “माह्या बापानं मले काठ विणाले शिकवलं, थे बी तुमचंच गुपित काय?”

तो हसला. “तसा अर्थ कोणी घेत नाही हो.”

“मग तसं लिहा,” मी म्हणाले.

त्याला ते लिहिता येईना, म्हणून मीच लिहिलं. कंपनीनं ‘गोपनीय’ शिक्का मारून लेखी दिलेली डिझाइनं आणि ग्राहकांची यादी, एवढंच गुप्त. तोंडी सांगितलेलं पंधरा दिवसांत लेखी कळवलं, तरच गुप्त. बाईला आधीपासून येणारं, तिनं स्वतंत्रपणे शोधलेलं आणि लोकांना उघड ठाऊक असलेलं यात नाही.

त्यानं साहेबांना फोन लावला. “सर, कलम मोघम होतं, कोर्टात अडचण आली असती. मीच नेमकं करून घेतलं,” असं तो माझ्यासमोर बोलला. त्याला लाजही वाटली नाही.

बाईनं नवं कलम दोनदा वाचलं. “आता समजून राहिलं,” म्हणाली आणि सही केली.