चादरी वाळेपर्यंत

कॉलेजात मी करांची तत्त्वं शिकवतो: समता, निश्चितता, सोय आणि काटकसर. पोरं ती पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात. त्यातला एक पुढे आमच्याच महापालिकेत कर अधिकारी झाला, तेव्हा माझी छाती उगाचच फुगली होती.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; त्याच्या कडेच्या भैरवगढ वस्तीतली एक विधवा बाई आम्हाला चादरी छापून द्यायची. पुढच्या खोलीत छपाईचं टेबल, मागे संसार. एका पावसाळ्यात ती माधव नगरला आमच्याकडे आली, हातात संपत्तिकराची, म्हणजे घरपट्टीची नोटीस. मालक स्वतः राहत असेल तर घराला अर्धी सूट मिळते. धंद्याच्या जागेला सूट नाही आणि दरही चढा. हिचं अख्खं घर धंद्याचं ठरलं होतं.

"सर जी, इत्ता टैक्स भरूँगी तो छापूँगी क्या?"

झालं होतं असं की तपासणीस भर पावसात आले. बाहेर कपडा वाळत नाही म्हणून तिनं घरभर दोऱ्या बांधलेल्या. चुलीवर चादर, देव्हाऱ्यावर चादर. साहेबांनी देवासकट सगळं घर व्यापारी लिहिलं. देवाकडे दुकानाचं लायसन मागितलं नाही, हीच मोठी कृपा.

तिला घेऊन मी माझ्या विद्यार्थ्याच्या ऑफिसात गेलो.

"सर, आम्ही वापर बघतो. दिसला तो लिहिला."

"मग पावसात एक कर आणि उन्हात दुसरा, ही कसली निश्चितता? फ्रीगंजच्या बाजारात खाली दुकान थाटून वर राहणाऱ्याला वरच्या मजल्याची सूट, हिला स्वयंपाकघराचीही नाही, ही समता? आणि माल न वाळता अडकलेला असताना कर मागता, ही सोय?"

"एकदम बरोबर, सर! फेरतपासणी लावतो ना. पण एका खोलीसाठी अख्खी टीम पाठवणं म्हणजे काटकसर नाही झाली. तिकडचे सगळे अर्ज जमू द्या, एकदमच जाऊन येऊ."

चौथं तत्त्व मी विसरलो होतो, तो नाही. मास्तराला याहून मोठी गुरुदक्षिणा काय हवी!

अर्ज जमत राहिले. नोटीस मात्र रद्द झाली नव्हती, आणि बाईला रात्री झोप लागेना. दिवाळीच्या आसपास तिनं टेबल आणि सासऱ्यांच्या वेळचे लाकडी ठप्पे विकून टाकले आणि टावर चौकातल्या एका टेलरकडे काजबटणाला जाऊ लागली. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. इतका संताप आला की त्या दिवशी वर्गात मी तत्त्वं शिकवलीच नाहीत.

थंडीत टीम पोचली. स्वच्छ ऊन, घरात एक दोरी नाही. संपूर्ण घर निवासी लिहिलं गेलं, अर्धी सूट मिळाली. अधिकाऱ्याचा आनंदानं फोन आला, "सर, न्याय झाला!"

बाई नवं बिल दाखवायला आली. मी वाचून म्हणालो, "सही है."

तिनं ते घ्यायला हात पुढे केला. इतकी वर्षं तिच्या नखांत छपाईचा लाल रंग मी पाहत आलो होतो. आता नखं स्वच्छ होती.