शंकरप्पाचा कंटाळा आणि आश्रुबाच्या बायकोचं नाव

शंकरप्पाला मी पहिल्यांदा पाहिलं ते वडवणीच्या त्याच्या किराणा दुकानात. मी फक्त पावशेर गूळ मागितला होता. त्यावर त्या गृहस्थाने जो उसासा टाकला, त्याने समोरच्या पोत्यातली हरभऱ्याची टरफलं उडून रस्त्यापलीकडच्या सोनाराच्या भट्टीत पडली, दुकानातला दिवा विझला आणि दाराशी बसलेलं कुत्रं उठून दुसऱ्या गावाला निघून गेलं. मग त्याने जांभई दिली. ती इतकी लांबली की वेशीतून जाणाऱ्या गाई, संध्याकाळ झाली असं समजून, गोठ्यात परतल्या. जांभई मिटल्यावर त्याने मला अजून तिथेच उभं पाहिलं आणि खोल, दुखऱ्या आवाजात विचारलं, "गूळ लागतोच का तुमाला?"

मी तसाच परत आलो. त्याच्याकडून गूळ मिळवायला मला पुढचा बाजारवार लागला.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, पोट दुकानाच्या गल्ल्यावर ठेवलेलं, आणि डोळे असे की जन्मल्यापासून हा माणूस एकदाही पुरता झोपलेला नाही. त्याची बायको नीलाबाई सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला तवा हे उभ्या उभ्या घोरत होते." खरं असावं. तिने हे सांगितलं तेव्हाही तो शेजारीच डुलक्या घेत होता, आणि डोळे न उघडता म्हणाला, "भटजी लांबण लावत होता."

असल्या माणसाला गावाने चैत्री जत्रेतल्या हुतूतूचा पंच केलं होतं. कारण एकच. तरुणपणी तो औरंगाबादच्या छावणीत धान्य पुरवायचा. तिथे पलटणीचे शिपाई उन्हात चेंडू खेळताना त्याने पाहिले होते, म्हणून त्याला खेळातलं कळतं असा गावाचा समज. वास्तविक तिथला एकच प्रसंग त्याच्या लक्षात राहिला होता. एक धिप्पाड शिपाई मैदानात बरळत पडला, तेव्हा पलटणीच्या डॉक्टराने त्याला कपड्यांसकट घोड्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडवला, आणि तो शुद्धीवर आला. ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की ऐकणारे उठून जात. शेवटी तो स्वतःच कंटाळला आणि सांगायचा थांबला.

आता वडवणीच्या त्या डावाची रीत सांगायला हवी. चैत्रात महादेवाची पालखी मैदानाच्या कडेला टेकली की डाव सुरू व्हायचा, तोही बरोबर डोक्यावर ऊन असताना. पालखी उठेपर्यंत कुणाही गड्याने पाण्याला तोंड लावायचं नाही. पाणी प्यालेल्या गड्याचा दम देव काढून घेतो, असं म्हणत. देवाला दुपारच्या त्या वेळी गड्यांचा दम कशाला लागतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी समोर लिंबागणेशचा संघ होता. सुंदरराव पाटील पालखीजवळ छत्रीखाली बसले होते. गावची अब्रू आश्रुबावर होती. आश्रुबा म्हणजे सव्वा माणसाचा गडी. त्याचं गेल्याच वर्षी लग्न झालेलं, सासरा समोर प्रेक्षकांत, बायको सत्यभामा बायकांच्या घोळक्यात डोईवर पदर घेऊन. जमीन एवढी तापलेली की उभ्या गड्याला पाय आलटून पालटून उचलावे लागत होते. शंकरप्पा मधल्या रेघेजवळ एका पोत्यावर बसून पंचगिरी करत होता. उभं राहून पंचगिरी करावी असा नियम नाही, हे त्याने आधीच ठरवून घेतलं होतं.

पहिला पडला मुंजाजी. चढाई करून आला, रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर बसला. तोंड पांढरं फटक, घाम तर असा की कुणीतरी घागर ओतली असावी. एकदा ओकला आणि आडवा झाला.

शंकरप्पाने मोठ्या नाखुशीने पोतं सोडलं, त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग गार हाय," तो म्हणाला. "काय होतंय बे?"

"गरगरतंय. पिंडऱ्यांत गोळे आलेत. आन् आप्पा, मघाशी तुमी मला खोटं बाद दिलं."

"शुद्ध लई साफ हाय याची," शंकरप्पा दमलेल्या आवाजात म्हणाला. "उचला. लिंबाच्या सावलीत निजवा. बंडी काढा. पाय त्या पोत्यावर उंच ठेवा. मीठ घातलेलं पाणी द्या, घोट घोट."

"आप्पा, पालखी टेकलेली हाय! पाणी?" पाटील ओरडले.

"हा आता गडी न्हाई, पाटील. मी याला डावातून काढला. न खेळणाऱ्याला देव पाणी देतो का न्हाई?"

पाटलांनी कुरकुरत छत्री सावरली. मुंजाजी सावलीत पडून मिठाचं पाणी घुटके घुटके पीत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याच्या तोंडावर रंग आला. लगेच उठून परत खेळायला निघाला, तर शंकरप्पाने त्याला तंगडी धरून खाली बसवलं. "आज न्हाई. आज तू पाहुणा. उठलास तर मला परत उठाया लागंल, आन् मी उठणार न्हाई."

पण त्याला उठावं लागलं.

आश्रुबा सलग चढाया करत होता. त्याचा श्वास तुटत होता, पण थांबायचं नाव नाही. मग त्याने एक चढाई केली ती उलट्या बाजूला. म्हणजे आपल्याच गड्यांवर. लोक पोट धरून हसले. त्याने आपल्याच गड्याला ढकलून पाडलं, वर त्याला एक लगावली. लोक अजून हसले. मग तो रेघेवर उभा राहून डुलू लागला, डोळे कुठेतरी भलतीकडे, तोंडाने पुटपुट, आणि एकदम हात वर करून किंचाळला.

हसणं थांबलं. सुंदरराव पाटील छत्री टाकून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "आलं! अंगात आलं! देव आला!"

क्षणात गर्दीने त्याला वेढा घातला. कुणी हळद लावली, कुणी कुंकू. एक म्हातारी पायांवर डोकं ठेवून आपली म्हैस कधी विणार ते विचारू लागली. आश्रुबा तेव्हा खाली कोसळला होता आणि म्हशीविषयी काही बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

शंकरप्पा लोकांना कोपराने बाजूला करत आत शिरला. मी त्याच्या मागे होतो. इतक्या लवकर चालताना मी त्याला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्याने आश्रुबाच्या पाठीवर हात ठेवला आणि तव्यावरून उचलावा तसा उचलला.

"ऊन लागलंय याला," तो म्हणाला.

"कसलं ऊन आप्पा?" सासरा म्हणाला. "घाम येतोय बघा की. ऊन लागलं की अंग कोरडं ठणठणीत पडतं."

"घरात निजलेल्या म्हाताऱ्याचं पडतं कोरडं. पळणारा गडी आतून पेटला तरी वरून ओला राहातो. घाम नका बघू, डोकं बघा. मुंजाजी पडला तवा माझ्याशी भांडत होता. ह्याला काय कळतंय का बघा." तो वाकला. "आश्रुबा, कोण जिंकतंय बे?"

आश्रुबा भलतीकडे बघत नुसता पुटपुटला.

"तुझ्या बायकोचं नाव काय?"

"सत्यभामा," आश्रुबा म्हणाला.

नाव घ्यायचं तर उखाण्यात घ्यायचं, तेही चार माणसांनी जबरदस्ती केल्यावर. इथे सासऱ्याच्या तोंडावर, भर जत्रेत, सरळ उघडंनागडं नाव! बायकांच्या घोळक्यात सत्यभामेने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. सासऱ्याचा चेहरा उतरला.

"शुद्धीत न्हाई पोरगा," तो हळूच म्हणाला.

"देव शुद्धीत असतो व्हय? देवच बोलतोय," पाटील म्हणाले.

कुणी लोटा घेऊन आश्रुबाच्या तोंडात पाणी ओतायला वाकला. शंकरप्पाने लोटा उडवला. "गिळता येत न्हाई त्याला. छातीत जाईल आन् गुदमरंल. बाहेरून पाणी पायजे, सगळ्या अंगाला. त्या विहिरीच्या थारोळ्यात बुडवा."

मैदानाला लागून पाटलांची विहीर होती. मोटेचं पाणी ज्यात पडतं ते दगडी थारोळं माणूस निजवता येईल एवढं मोठं होतं.

"आधी गाडी जुंपा," पाटील म्हणाले. "बीडला सरकारी दवाखान्यात न्या. आन् देवाच्या अंगाला हात लावायचा न्हाई कुणी."

"बीडला नेऊ, पण आधी थंड करून. असा नेला तर वाटेत कवटी शिजंल त्याची."

"देव आलाय म्हणतो मी!"

शंकरप्पाने डोळे मिटले. मला वाटलं, आता झोपला. आश्रुबाचे हातपाय झटके देऊ लागले होते. सत्यभामा घोळक्यातून पुढे आली, आणि पदराआडून एवढंच म्हणाली, "अवो आप्पा, काईतरी करा."

शंकरप्पाने डोळे उघडले. इतका थकलेला आवाज मी परत कधी ऐकला नाही.

"पाटील, कोण आलाय म्हणता? महादेव?"

"महादेव!"

"मग महादेवाला दिवसभर अभिषेक चालतो का न्हाई? आमच्या घरी तर बाराही महिने चालतो. देव असला तर अभिषेक करा. माणूस असला तर इलाज व्हईल. पण पाणी घाला की रे!"

कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं आणि सगळं मैदान पेटलं. दहा हातांनी आश्रुबाला उचललं. शंकरप्पाने पाटलांचा फेटा मागितलासुद्धा नाही, सरळ उतरवला; तो आश्रुबाच्या काखांखालून घेऊन दोन गड्यांनी धरला, म्हणजे डोकं पाण्याच्या वर राहील. गळ्यापर्यंत त्याला थारोळ्यात सोडला. मोटेचे बैल पळवले. विहिरीच्या तळाचं गार पाणी त्याच्या छातीवर पडत राहिलं, आणि शंकरप्पा काठावर बसून पाणी हाताने ढवळत राहिला, कारण अंगाला लागलेलं पाणी लगेच तापतं, असं तो म्हणाला. बायका सुपाने वारा घालू लागल्या. म्हातारी अजून म्हशीचं विचारत होती.

बराच वेळ काही झालं नाही. मोट येत होती, जात होती. सत्यभामा थारोळ्याला टेकून उभी होती. पदर कधीच खांद्यावर आलेला, तिचं तिला भान नव्हतं. मग आश्रुबा कुडकुडला. डोळे उघडून त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, मग पाटलांच्या बोडक्या डोक्याकडे.

"बायकोचं नाव काय बे?" शंकरप्पाने विचारलं.

आश्रुबाने सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आप्पा, लाज वाटती का तुमाला? चारचौघात काय इचारता?"

सत्यभामा रडायला लागली. "काढा बाहेर," शंकरप्पा म्हणाला. "आता गाडी जुंपा." ओली धोतरं अंगावर टाकून, वाटेत भिजवत भिजवत त्याला बीडला नेला. आश्रुबाची लघवी काही दिवस काळपट होत होती. तो वाचला, पण नंतर उन्हात पळणं त्याला झेपलं नाही. पळायची वेळ आली की डोकं धरून बसे.

त्या संध्याकाळी मी दुकानाशी गेलो तेव्हा शंकरप्पा पोत्यांवर पसरला होता. मी म्हटलं, "आप्पा, आज तुम्ही माणूस वाचवलात."

"व्हय," तो म्हणाला. "लई कंटाळा आला."

गावात मात्र ठरलं की देवाने अभिषेक मागितला होता. तेव्हापासून दर जत्रेला थारोळं भरून एका गड्याला अंघोळ घालतात, पालखी उठल्यावर, संध्याकाळी. शंकरप्पा त्याच वर्षीच्या थंडीत खोकल्याने गेला. डाव अजून भर दुपारीच होतो, आणि पाणी अजून देत नाहीत.