भाताचा वास आणि उद्धवराव सर

उद्धवराव सरांचा आवाज नाकातून निघतो, पण बरोबर काढायचा असेल तर आधी तोंडात सुपारीचं एक खांड धरावं लागतं. ते डाव्या गालात दाबायचं, मान मागं टाकायची आणि म्हणायचं, "गुड नव्हे गं, वेऽऽल!" शेवटचा 'ल' जिभेवर तीन वेळा आपटतो. मी तो आवाज सातवीतच साधला होता. वर्ग हसायचा. आता तो आवाज काढला की मला स्वतःलाच तोंड धुवावंसं वाटतं.

सर बोथ गावाकडचे. वडिलांचं किराणा दुकान होतं. पोरानं तराजू धरू नये म्हणून वडिलांनी त्यांना नांदेडला शिकायला ठेवलं, आणि बी. ए. करून सर आमच्या तेलंगणातल्या, बाजारहत्नूरकडच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायला आले. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत त्यांनी गावाला एकच गोष्ट दिली : लाल शाई. लग्नाची पत्रिका असो की दुकानावरची पाटी, इंग्रजी दिसलं की सरांच्या खिशातून लाल पेन निघायचं. दुरुस्ती, खाली सही, सहीखाली तारीख. तारीख विसरले असं कधी झालं नाही. दहावी पास झालेल्या एका पोराने पुण्याहून गावाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'होप यू आर डूइंग गुड.' सरांनी ते कागदावर उतरवून घेतलं, गुड खोडलं, वेल लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला.

आता खरं सांगायचं तर तिथं सर बरोबर होते. आपल्या मराठीत 'चांगलं' एकटंच दोन्ही कामं करतं. पोरगी चांगली, आणि पोरगी गातेही चांगली. इंग्रजीत माणूस, वस्तू कशी आहे ते सांगायला गुड, आणि काम कसं केलं ते सांगायला वेल. ती गुड, पण गाते ती वेल. हे सरांनी आम्हाला शिकवलं ते ठीक. पण नियम एवढ्यावर थांबला नाही. सरांचा नियम होता, "क्रियापद आलं की पुढच्या शब्दामागं ली लावा!" त्यामुळं आमच्या शाळेत खेळाच्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं असायचं की अमुक मुलगा 'फास्टली' धावला. असा शब्दच नाही हे मला पुढे कळलं. तेव्हा आम्ही सगळे फास्टली धावायचो.

दसऱ्याला सरकारनं आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे केले. आमचा तुकडा आदिलाबादच राहिला, पण माणसं इकडची तिकडं गेली. मोठे सर, म्हणजे हेडमास्तर, नव्या निर्मल जिल्ह्यात गेले आणि उद्धवराव सर इन्चार्ज झाले. मंडळाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, शिक्षण ऑफिसात एक मराठी वाचणारे क्लार्क होते, तेही गेले. तिथं नव्या अधिकारी मॅडम आल्या त्यांना तेलुगू येत होतं, हिंदी येत होतं, इंग्रजी येत होतं. मराठी नाही. म्हणजे आमच्या शाळेतून जायचा प्रत्येक कागद आता इंग्रजीत, आणि इंग्रजी म्हणजे सर. सुपारीचं खांड त्या महिन्यात मोठं झालं असं माझं निरीक्षण आहे.

शाळेचं दुपारचं जेवण शिजवायची कौशल्यामावशी. सहा वर्षं तीच शिजवत होती. नोव्हेंबरात तांदळाची नवी पोती आली आणि मावशीने पहिलं पोतं सोडलं तर आत तांदूळ जाळ्यांनी एकमेकांना चिकटलेला. हात घातला की ढेकळं निघायची, आणि ढेकळं फोडली की राखाडी किडे. धुतला तर वर पांढरा फेस. शिजवला तर भिजलेल्या, सडलेल्या गोणपाटाचा वास साऱ्या व्हरांड्यात.

मावशी मला म्हणाली, "पोरी, मले एक कागद लिहून दे. मॅडमले. पोती बदलून द्या म्हणावं. हे पोरायच्या पोटात गेलं तर नाव कोनाचं घेतीन? माह्यंच. कामावरून काढतीन ते वेगळं."

मी दहावीत होते आणि माझं इंग्रजी वर्गात बरं समजलं जायचं. मी लिहिलं. वर 'होप यू आर डूइंग गुड', खाली 'द राइस स्मेल्स बॅड', आणि शेवटी मावशीबद्दल 'शी कुक्स गुड'. मावशीने अंगठ्याच्या नखाने कागदाची घडी घातली आणि आम्ही तो सरांकडे नेला, कारण पुढे पाठवायला इन्चार्जची सही लागते.

सरांनी वाचला. पोत्याकडे पाहिलं नाही. लाल पेन काढलं.

"गुड? डूइंग गुड? काय शिकवलं मी बावीस वर्षं?"

"वेल, सर."

"वेऽऽल! आणि हे कुक्स गुड? कुक्स वेल! फेअर करून आण." सही. तारीख, बावीस नोव्हेंबर. मधल्या ओळीकडं अजून त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

मी फेअर केला. पण पुढं तीन दिवस सरांना वेळ नव्हता. त्या तीन दिवसांत मावशी तांदूळ चार पाण्यांनी धुवायची, फेस काढायची, वरणात जास्त चिंच घालायची. नियम असा की मुलांना वाढायच्या आधी सरांनी घास खाऊन पाहायचा आणि चवीच्या रजिस्टरात शेरा लिहायचा. सर रजिस्टर मागवायचे, ताट नाही. रजिस्टरात रोज एकच ओळ : 'द फूड टेस्टेड वेल.' त्या पानांवर सुपारीचे तांबूस कण चिकटलेले असायचे. तेवढं एकच सरांच्या तोंडातलं त्या रजिस्टरापर्यंत पोचलेलं.

पंचवीस तारखेला सरांनी दुसरा कागद हातात घेतला. पेन 'स्मेल्स बॅड' वर येऊन थांबलं.

"स्मेल्स काय आहे?"

"क्रियापद, सर."

"मग?"

मावशी मधेच बोलली, "सर, वास तं घेऊन पाहा ना एकदा. पोतं इथंच हाय."

"बाई, तुम्ही थांबा. व्याकरण चालू आहे." आणि सरांनी बॅडच्या मागं ली लावला. सही, तारीख. "चुकीचं इंग्रजी गेलं तर मॅडम काय म्हणतील? मराठी शाळा म्हणजे अडाणी! फेअर करून आण."

बाहेर येऊन मावशी म्हणाली, "हा मानूस काऊन असा करून राह्यला गं? तांदूळ सडला हे त्याले इंग्रजीत समजत नाई का मराठीत?"

मी तेव्हा सरांचा आवाज काढून दाखवला. मावशी हसली नाही. ती पदराने हात पुसत राहिली, जरी हात कोरडेच होते.

तिसरा कागद 'बॅडली' घालून एकोणतीसला नेला. सर म्हणाले, समास कमी सोडलाय. सही, तारीख. चौथा कागद मी लिहायला घेतला त्या दिवशी, एक डिसेंबरला, जेवणानंतर चार पोरं ओकली. सहावीतली आशा तर उभ्या उभ्या, स्वतःच्या दप्तरावर.

दुसऱ्या दिवशी मॅडम जीपने आल्या. सरांनी खुर्ची पुसली, रजिस्टर पुढं केलं आणि अशा मऊ आवाजात बोलले की तो आवाज मला त्याआधी ठाऊकच नव्हता. "मॅडम, देखिए, रोज मैंने टेस्ट किया. रोज अच्छा था. बाईने कभी शिकायत नहीं की. तांदूळ इसके यहाँ खराब हुआ. रखना नहीं आता इन लोगों को."

इन लोगों को! मावशी तिथंच उभी होती. मॅडमनी पानं उलटली. ओळीमागं ओळ, सगळीकडे चव वेल. मॅडमनी वर पाहिलं ते मावशीकडे, आणि त्या नजरेत मावशीचं काम संपलेलं होतं. रजिस्टर म्हणत होतं की तांदूळ ठणठणीत होता. मग सडवला कोणी?

"मॅडम," मी म्हणाले आणि इंग्रजीच्या वहीतून तिन्ही कागद काढले. फेअर झालं की आधीचा कागद मी फाडत नसे. सरांच्या दुरुस्त्या बघून पुढे घरी त्यांची नक्कल करायची सवय होती, एवढंच कारण. कागद मॅडमच्या हातात गेले तसा सुपारी चघळणारा सरांचा गाल थांबला.

मॅडमनी लाल शाई वाचली. पहिल्या कागदावर बावीस, दुसऱ्यावर पंचवीस, तिसऱ्यावर एकोणतीस. तिन्हीत तांदळाची तक्रार, तिन्हीवर सरांची सही.

"ये आपका साइन है?"

"जी... मतलब, लँग्वेज करेक्शन..."

"बाईस तारीख से आपको मालूम था?"

मॅडमचं बोट दुसऱ्या कागदावर 'ली' वर होतं. मॅडम पूर्वी इंग्रजी शिकवायच्या हे नंतर कळलं. "और ये गलत काटा आपने. बच्ची ने सही लिखा था. चावल सूंघता नहीं है, सर. बदबू चावल की है, तो बॅड. बॅडली तब, जब सूंघने का काम ही किसी को न आता हो."

मग मॅडम सरांना घेऊन कोठीत गेल्या आणि पोतं उघडायला लावलं. मी दारात होते. सर वाकले, आणि वाकता वाकता खिशातला रुमाल नाकाला लागला. बावीस तारखेपासून मावशी त्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घालत होती.

"रजिस्टर में आज का लिखिए," मॅडम म्हणाल्या.

सरांनी रुमाल एका हाताने तसाच धरून लिहिलं. काय लिहिलं असेल? 'द राइस स्मेल्स बॅडली.' पोतं नाकाखाली असताना! मॅडमनी खोडलं नाही. खाली स्वतःची ओळ लिहिली, पोती परत, कौशल्याबाई कामावर राहतील, इन्चार्जना मेमो. संध्याकाळी टेम्पो येऊन पोती घेऊन गेला.

सर गेले नाहीत कुठे. ते अजून इन्चार्ज आहेत. मेमोला त्यांनी उत्तर दिलं, चार पानी, आणि ग्रुपवर सांगितलं की त्यात एकही चूक नाही. आता रोज मावशी ताट घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहते. सर खातात. सरांनी शेवटचं शीत गिळेपर्यंत मावशी हलत नाही, मगच मुलांना वाढते. नवा तांदूळ स्वच्छ आहे, पण सरांचा चेहरा तो खाताना असा होतो की बघणाऱ्याला शिसारी यावी.

आशा मात्र शाळेत भात खात नाही. घरून ज्वारीची भाकर फडक्यात बांधून आणते आणि पंगतीपासून लांब, हापशाजवळ बसते. मावशीने दोनदा विचारलं, "घे ना माय, घासभर. चांगला हाय आता." आशाने मान हलवली. काल मावशी वाढप झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "बरं मंग, मले तुही भाकर दे तुकडाभर." आशाने अर्धी मोडून दिली.