टॉर्पेडोची खोली

वडवणीचे बसवेश्वर मिटकरी नौदलात टॉर्पेडो मेकॅनिक होते. एका सरावात त्यांनी तयार केलेला टॉर्पेडो थेट समुद्रतळाच्या गाळात रुतला. तो बाहेर काढल्यावर त्यांचे वरिष्ठ नंबियार शांतपणे शेजारी बसले आणि दोघांनी तो उघडला.

पाण्याचा दाब एका पातळ पडद्याला रेटतो, त्यावरून मागचे आडवे पंख वळतात आणि टॉर्पेडो ठरल्या खोलीवर धावतो. इथं पडद्याभोवती पाणी अडवणारी रबरी रिंग पिळून बसली होती. पाणी पडद्यामागं शिरलं, दोन्हीकडचा दाब सारखा झाला. यंत्राच्या लेखी टॉर्पेडो अजून उथळ पाण्यातच होता, म्हणून खाली जात राहिला.

"रिंग मीच बसवली, सर."

नंबियार म्हणाले, "पूर्वी छोट्या वेगवान बोटी गोळ्यांच्या माऱ्यात घुसून टॉर्पेडो सोडायच्या. नौकेला पाण्याखाली भोक पडायचं, म्हणून अजस्र युद्धनौकांनाही त्यांची धास्ती. पण खोली चुकली, तर बोटीवरच्यांचं धाडस वाया. पुन्हा बसव."

पुढच्या सरावात टॉर्पेडो नीट धावला आणि शेवटी, सरावाच्या टॉर्पेडोनं तरंगावं तसा, वर तरंगला.

निवृत्त बसवेश्वर आज लेकीला सांगतात, "लई उपकार हायत नंबियार सरांचे. ते वरडले असते, तर मी खोटं बोललो असतो."