न घेतलेल्या पाठाचा शेरा

"'मैंने पढ़ाया' काटो. लिखो, 'मुझे पढ़ाने का मौका दिया गया'."

स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझा कागद माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशीच्या निरोपाचं भाषण. त्यावर लाल पेनाने गोल केलेले. "और एक लाइन डालो, कि मेरे बैकग्राउंड की लड़की को भी इस स्कूल ने अपनाया. प्रिंसिपल साहब को अच्छा लगेगा."

बाकीच्या शिक्षिका उन्हाकडे पाठ करून स्वेटर विणत होत्या. सुई न थांबवता एक म्हणाली, "कोटे से है ना? लिख दे बेटा, छोटी-सी बात है."

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी चंदीगडमध्ये बी.एड. करत होते. बाबा अमरावतीकडून आलेले, इथल्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डातली झाडझूड, बेडपॅन करायचे. सरावासाठी आम्हा आठ जणींना एका शाळेत पाठवलं होतं. हिंदी आणि सामाजिक शास्त्राचे वीस-वीस पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहायचं, तास घ्यायचा, आणि मार्गदर्शक शिक्षिकेने मागच्या बाकावर बसून तो पाहून खाली शेरा लिहायचा. त्या शेऱ्यांवर अंतर्गत गुण.

आमच्या मॅडम मागच्या बाकावर बसल्या, ते दोनदा. कॉलेजचे सर तपासायला आले होते तेव्हा. बाकी दिवस त्या आपले तासही माझ्या गळ्यात मारून कँटीनला जायच्या. आणि माझ्याकडून आभार कशाचे हवेत, तर मला मौका दिल्याचे!

भाषणाला मला निवडलं होतं तेही लायकीने नव्हे. मी उभी राहिले की शाळेचं मोठं मन दिसणार होतं.

त्या दुपारी टाचणांची सही झालेली फाईल हातात आली. घरी गेल्यावर उघडली. शेवटचा, चाळिसावा पाठ दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. पण त्याच तासाला निरोप समारंभ ठेवल्यामुळे तो रद्द झालेला. त्या पाठाखाली शेरा तयार होता: 'आत्मविश्वास की कमी. उच्चारण दोष. श्यामपट्ट कार्य असंतोषजनक.' सहीसकट, उद्याची तारीख टाकून.

पानं मागे उलटली. सगळीकडे तेच तीन शेरे. सुरुवातीच्या पाठांखाली हेच शेरे वाचून मी वेडीसारखी महिनाभर आरशासमोर उच्चार घोटत होते. फळ्यावर अक्षर सुधारावं म्हणून शाळा सुटल्यावर थांबत होते. या बाईने तर मला पाहिलंच नव्हतं. माझं आडनाव पाहिलं होतं. मला रडू नाही आलं. किळस आली.

समारंभात खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या गटाने वर्गणी काढून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ चकचकीत कागदात. आभाराचा क्रम ठरलेला असतो. आधी प्रिंसिपल, मग कॉलेजचे सर, मग मार्गदर्शक, आणि उरलंसुरलं मुलांना. मी लाल गोलांचा कागद घडी करून ठेवला आणि फाईल उघडली.

आधी सातवीच्या मुलांचे आभार मानले. म्हटलं, माझे सगळे पाठ तुम्हीच पाहिलेत, चुकले तिथे तुम्हीच "मैम जी, समझ नहीं आया" म्हणालात, म्हणून मला शिकवता आलं. मग प्रिंसिपलांचे, कॉलेजच्या सरांचे. शेवटी मॅडमचे.

"मैडम का धन्यवाद. आज का पाठ मैंने पढ़ाया नहीं, फिर भी मैडम ने देख लिया." आणि शेरा वाचून दाखवला. तारखेसकट.

समोसे वाटायला निघालेला शिपाई तिथेच थांबला. मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी पोटभर पाहिला.

"ये क्या तमाशा है?" प्रिंसिपल उठले. कॉलेजच्या सरांनी फाईल घेतली, पान पाहिलं, आणि मलाच म्हणाले, "माफ़ीनामा लिख दो. नहीं तो सर्टिफिकेट यहीं रुकेगा." पान खरं होतं हे त्यांना दिसलं होतं. तरी माफी मीच मागायची. केवढी ही विद्वान माणसं!

घरी बाबा घाबरले. आयुष्यभर डॉक्टरांसमोर मान खाली घालून वागलेला माणूस. म्हणाले, "लिहून दे न बाई. आपलं काय जाते त्यात?"

"माझे एकोणचाळीस पाठ जातात, बाबा," मी म्हणाले.

माफी लिहिली नाही. सर्टिफिकेट दोन महिने अडवलं, अंतर्गत गुण पासापुरते टाकले. टाका म्हटलं. ज्याने मला पाहिलं नाही, त्याचा शेरा मी अंगाला लावून घेणार नाही. आणि जे मी माझ्या मेहनतीने मिळवलं, त्याबद्दल या लोकांपुढे हात जोडणार नाही. कधीच नाही.