उत्तर सांगायची खोड

आमच्या कोल्हापुरात कुणाला पत्ता विचारला तर माणूस नुसता हात करून दाखवत नाही, गाडी वळवून दारापर्यंत सोडून येतो. वर चहाही पाजतो. ह्या गुणाचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा इथं बसून कोड्यांचा खेळ बनवून दाखवावा.

राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. तिथं आम्ही मोबाइलवरचा पाण्याचा खेळ बनवत होतो. कालव्यातून पाटात पाणी येतं, पाटावर दारं असतात, ती योग्य क्रमानं उघडून सगळी शेतं भिजवायची. एकदा उघडलेलं दार परत बंद होत नाही, चुकलं की डाव पहिल्यापासून. त्यातलं सूचनांचं काम माझ्याकडं होतं. खेळणारा अडला तर त्याला हलकंच ढकलायचं, पण कोडं त्याचं त्यालाच सुटलं पाहिजे.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मी प्रत्येक कोड्याला तीन पायऱ्या ठेवल्या होत्या. पहिली नुसती नजर वळवते, म्हणजे अडलेल्या शेताभोवती गोल काढते. दुसरी विचाराला दिशा देते. तिसरी एकच चाल सांगते, पुढचं तुमचं तुम्ही. आणि यातलं काहीही आपणहून समोर येत नाही. खेळणारा तीच चूक तिसऱ्यांदा करायला लागला की कोपऱ्यातला दिवा उजळतो. दाबायचा की नाही हे तो ठरवतो.

आमचे मालक, ज्यांना ऑफिसात सगळे दादा म्हणतात, त्यांना हे पटेना. "चाळीस सेकंद हात हलला न्हाय की उत्तराचं बटण समोर आणायचं, दाबलं की सगळं उत्तर. माणूस कट्टाळला की खेळ काढून टाकतोय," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, दादा, हात हलत नाही तेव्हाच माणूस विचार करत असतो. घड्याळाला अडलेला आणि विचारात पडलेला यातला फरक कळत नाही. ते म्हणाले, "बघूया की. पाच जणांकडनं खेळवून घिऊ. सोमवारी ठरवू, तुझा दिवा का माझं बटण." एक वर्ष मी त्या सूचना लिहीत होते. सोमवारी त्या कचऱ्यात जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता.

पाच जण आले. मी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडं होते, हे माझं नशीब. परत येऊन नोंदी बघितल्या तर बाविसावं कोडं, जे सगळ्यांत अवघड, ते पाचही जणांनी एकही सूचना न घेता सोडवलेलं. "बघ," दादा म्हणाले, "तुझ्या दिव्याला कुणी हात बी लावला न्हाय."

मला संशय आला. खेळताना स्क्रीनचं आणि आवाजाचं रेकॉर्डिंग होत होतं, ते लावलं. पहिल्या मिनिटालाच दादांचा आवाज: "पावणं, तिकडं न्हाय, मधलं उघडा मधलं." दुसऱ्याला, तिसऱ्याला, सगळ्यांना तेच. एका बाईंच्या वेळी तर "थांबा, मीच दाखवतो" म्हणून दार ह्यांनीच उघडलं होतं. माझं डोकं असं तापलं की दाताचं दुखणं विसरले. मी सरळ म्हटलं, "ही चाचणी न्हाय दादा, हा पाहुणचार हाय. तुम्ही स्वतःच चालतीबोलती सूचना होऊन बसला, मग दिव्याला हात कोण लावणार?"

त्यांना यात काय चुकलं तेच कळेना. "अडलेल्याला सांगायचं न्हाय व्हय? माणुसकी हाय का न्हाय?" सांगायचं, पण त्यानं विचारलं तर! आणि विचारलं तेवढंच! मी इतकी ओरडले की खालच्या क्लासचे सर वर येऊन बघून गेले.

शेवटी ठरलं की रविवारी एकच माणूस, माझ्या समोर. दादांनी आपल्या वडिलांचं, अण्णांचं, नाव सुचवलं. अण्णांनी जन्मभर उसाला पाणी पाजलंय. आता मंगळवार पेठेत दादांकडंच राहतात, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले. दादांना मी मागच्या खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी शप्पथ घातली.

अण्णांनी बाविसावं कोडं उघडलं आणि मांडीवर फोन ठेवून नुसते बघत बसले. चार मिनिटं बोट लावलं नाही. दादांच्या हिशोबानं एवढ्यात उत्तराचं बटण कधीच अंगावर आलं असतं. मग त्यांनी सगळ्यांत शेवटच्या शेताचं दार आधी उघडलं. पाण्याची पाळी शेपटाकडून सुरू करायची, ही त्यांची सवय. पण या कोड्यात शेवटच्या शेताआधी उंच बांध आहे. पाणी बांधाला अडून वाया गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच सुरू केलं आणि दिवा उजळला.

"अण्णा, ते मधलं," दादा बोललेच.

"गप बस," अण्णा मागं न बघता म्हणाले. मला मनातून गुदगुल्या झाल्या.

थोड्या वेळानं त्यांनी स्वतः दिवा दाबला. शेवटच्या शेताभोवती गोल आला. त्यांनी मान हलवली, पुन्हा बांधाकडं बघितलं, आणि दुसऱ्यांदा दिवा दाबला. माझी दुसरी सूचना आली: आधी मधल्या शेताला पाणी देऊन बघा.

अण्णांनी फोन सतरंजीवर उपडा ठेवला.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मी, अण्णा."

"मग ह्याच्यात आन तुझ्यात फरक काय गं? त्यो तोंडानं सांगतोय, तू लिवून सांगतीस. आता मी काय सोडवू?"

मला क्षणभर त्यांचाच राग आला, मग माझा. मधलं शेत भरून ओसंडतं आणि तेच पाणी बांधावरून शेवटच्या शेतात उतरतं, ही त्या कोड्यातली एकच गंमत. ती मी दुसऱ्याच पायरीवर वाटून टाकली होती, आणि वर्षभर त्याला दिशा देणं म्हणत होते. दादा हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत.

ऑफिसला जाऊन मी ती ओळ खोडली. तिथं लिहिलं: शेत भरून उरलेलं पाणी कुठं जातं? मग सगळ्या कोड्यांच्या दुसऱ्या पायऱ्या वाचल्या. सतरा ठिकाणी मी उत्तरच सांगून ठेवलं होतं. स्वतःला शिव्या घालत एकेक बदलली. अण्णांना बाविसावं पुन्हा खेळा म्हणून फोन केला तर म्हणाले, "त्ये आता माझं ऱ्हायलं न्हाय. फुडचं दे."

सोमवारी सकाळी दादा माझ्या शेजारी येऊन बसले. स्क्रीनवर अण्णांची तेविसाव्या कोड्याची नोंद होती. चौदा डाव. चौथ्या डावात दिवा उजळलेला, एकदाही न दाबलेला. नवव्या आणि दहाव्या डावाच्या मध्ये सव्वीस मिनिटं कशालाच हात नाही. चौदाव्याला सगळी शेतं भिजलेली.

दादा त्या सव्वीस मिनिटांच्या ओळीकडं बघत बसले. मला सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं की दादा, तुमचं बटण असतं तर. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि जीभ दाताखाली धरली. किती वेळ लावावा माणसानं, खरंच.

"सव्वीस मिन्टं," ते शेवटी म्हणाले. "मी असतो तर पयल्या मिन्टाला सांगितलं असतं."

मी हात मांडीखालीच ठेवले.

"माझं त्ये बटण नगं," म्हणून ते उठले.