फोटोतला हात

नव्वदीच्या सुरुवातीला मी जळगावच्या एका सराफी पेढीवर होतो. हात पाहून अंगठी सुचवण्यात माझं नाव होतं, आणि ते मला चढलंही होतं.

धुळ्याहून एक बाई मुलाच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आल्या. सोबत भडगावच्या होणाऱ्या सुनेच्या हाताचा फोटो होता. पालथा हात टेबलावर, मनगटाजवळ रुपयाचं नाणं. माप कळावं म्हणून त्यांनीच तसा मागवलेला.

"बोटं आखूड दिसतात हो भाऊ," त्या म्हणाल्या.

"आखूडच. पंजा रुंद. निंदणीचा हात आहे अक्का, खुरपं शोभेल."

त्या पोट धरून हसल्या. मला बरं वाटलं.

मग मी शहाणपण सांगितलं. रुंद पट्टी नको, बोट अजून तोकडं दिसेल. बारीक पट्टी आणि बोटाच्या दिशेने उभा, लांबट खडा घ्या. फोटोतलं नाणं आणि खरं नाणं यांचा हिशेब लावून मी बोटाच्या सांध्याची रुंदी काढली, तेवढ्या मापाची अंगठी दिली.

चार दिवसांनी ती मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली. साखरपुड्यात अंगठी सांध्यावर अडली होती. सासूने साबण लावून ती रेटली आणि मांडवात सगळ्यांना ऐकवलं, "सराफाने फोटोवरूनच सांगितलं होतं, हा खुरप्याचा हात." बोट सुजून जांभळं झालं होतं.

अंगठी कापायला मी तिचा हात काउंटरवर घेतला. बोटं आखूड नव्हती. चांगली लांब, सरळ होती. फोटो मनगटाच्या बाजूने, जवळून काढलेला होता. म्हणून पुढची बोटं तोकडी दिसली, आणि कॅमेऱ्याजवळचं नाणं मोठं दिसल्यामुळे माझं माप लहान आलं. कोन पाहणं हे माझं काम होतं. मी हसवण्यात गुंतलो होतो.

कापताना ती एकदाही कण्हली नाही.

वडील म्हणाले, "भाऊ, त्या लोके म्हणतस पोरना हातम्हाच खोट शे. सोयरीक मोडाले निंघनात. चूक मापनी व्हती, इतलं चिठ्ठीवर लिखी द्या."

मालक गल्ल्यावरून माझ्याकडे पाहत होते.

"फोटोत दिसलं तसं दिलं," मी म्हणालो. "फोटो तुमच्याकडचा."

"तुम्हीच आते देखं ना तिना हात?"

मी दुसऱ्या गिऱ्हाईकापुढे ट्रे सरकवला. वडिलांनी कापलेली अंगठी रुमालात बांधली. मुलीने हात पदराखाली घेतला आणि माझ्याकडे न पाहता पायऱ्या उतरली.

सोयरीक मोडल्याचं त्या बाईंनीच पुढच्या महिन्यात सांगितलं. त्या दुसऱ्या मुलीचा फोटो घेऊन आल्या होत्या. "आता हिचा हात नीट पाहा," त्या म्हणाल्या. मी भिंग उचललं आणि पाहिला.